पाणी बदललं, पण भांडं कोण घासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं पाखरांच्या पाण्याचं छायाचित्र बघितलं. उन्हाळा लागला की हे छायाचित्र ठरलेलं, फक्त भांड्यावर रंगवलेलं नाव दरवर्षी वेगळं. यंदा आठ जणांनी मिळून प्लास्टिकची एक वाटी झाडाला बांधली आहे आणि आठही जण कॅमेऱ्याकडे बघताहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हौस आहे, होऊ दे. तक्रार आहे ती शेजारच्या चौकटीतल्या सल्ल्याबद्दल. 'पाणी कमी झाल्यास वरून भर घालत राहावी,' असं आपण छापलंय. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी असं भांडं जन्मात एकदा तरी हातात धरून घासलंय का?

मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. गल्लीत लोक 'डॉक्टर' म्हणतात, मी नको म्हणतो, तरी म्हणतात. त्यामुळे एका गोष्टीवर बोलायचा मला थोडा हक्क आहे, असं समजतो.

वरून भर घालणं हाच सगळ्यात वाईट प्रकार आहे. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला तो ती चिकटवतो. दुपारच्या उन्हानं पाणी खाली जातं आणि अंडी कोरडी पडतात. कोरडी पडून मरत मात्र नाहीत, महिनोन् महिने तशीच टिकतात. मग आपला सल्ला मानणारा कुणी सज्जन येतो आणि बाटलीनं वरपर्यंत भर घालतो. अंडी पाण्याखाली जातात, अळी बाहेर पडते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत तिचा डास होऊन उडतो. थोडक्यात, पाणी खाली-वर होत राहणारं न घासलेलं भांडं डासाला जितकं सोयीचं, तितकं दुसरं काही नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या अपार्टमेंटच्या कंपाउंडला लागून झाड आहे. २० मार्चला, चिमणी दिनाला, कोपऱ्यावरच्या मंडळाच्या पोरांनी त्याला वाट्या बांधल्या. तारेनं इतक्या घट्ट आवळल्या की त्या खाली काढायच्या म्हटलं तर पक्कड लागावी. पोरं वाईट नाहीत. त्यातला एक जण पहाटे तालमीला जाताना बाटली घेऊन यायचा आणि प्रत्येक वाटीत पाणी ओतायचा. मी त्याला म्हटलं, "अरे, एकदा घासून घे की." तर म्हणाला, "काका, रोज ताजं पाणी घालतोय की! घासायचं काय त्यात?"

एप्रिलमध्ये आरोग्य विभागाच्या ताई घरोघरी बॅटरी घेऊन पाहणीला आल्या. त्यांनी एक वाटी पक्कड मागून खाली काढायला लावली. तळाशी हिरवा बुळबुळीत थर आणि त्याच्या वर, पाण्याच्या कडेला, खसखशीहून बारीक काळ्या ठिपक्यांची रांग. बोटानं पुसली तरी हलेना, नखानं खरवडल्यावर निघाली. पाण्यात अळ्या शेपटीच्या टोकानं पृष्ठभागाला टांगलेल्या होत्या. हाताची सावली पडली की वळवळत तळाला जायच्या, जरा थांबलं की पुन्हा वर. ज्यांना शंका असेल त्यांनी वाटीतलं पाणी पांढऱ्या भांड्यात ओतून उजेडात बघावं, चष्मासुद्धा लागत नाही. तळाशी लाल किडे दिसले तर ते वेगळे, डासाचे नव्हेत. पण तेही दिसायला लागले म्हणजे भांडं बरेच दिवस घासलेलं नाही, एवढं नक्की.

आता पुढचं ऐका. आमच्या सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं: आवारातली सगळी भांडी बंद. वॉचमनला सांगून प्रत्येक भांड्यात फिनेल ओतलं. त्यात मागच्या भिंतीवरचे माझे मातीचे परळही आले, जे रोज सकाळी काथ्यानं घासले जातात. फिनेल! ज्या पाण्याला खारी, मैना आणि आवारातली दोन मांजरं तोंड लावतात त्यात. मांजराला फिनेल पोटात गेलं तर विष, आणि पायाला लागलेलं चाटलं तरी विषच. नशीब, जिन्यात वास आला म्हणून मी खाली धावलो. मातीच्या परळात मुरलेलं फिनेल निघत नाही, दोन्ही परळ फोडून टाकावे लागले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, माणसं महत्त्वाची की पाखरं?" या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याकडे वेळ नव्हता.

आणि पोरांच्या वाट्या? त्या ओतून रिकाम्या केल्या आणि तशाच लोंबकळत ठेवल्या. 'पाणीच नाही तर डास कुठला,' असा हिशेब. दोनेक आठवडे वाट्या उन्हात खडखडीत वाळल्या. मग वळीव आला. एका संध्याकाळच्या पावसात सगळ्या भरल्या आणि आठवड्याच्या आत पुन्हा अळ्या. कारण रांग तिथंच होती, ती घासली कुणीच नव्हती. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर डेंग्यूच्या बातम्या छापल्या जातात, तेव्हा मार्चमध्ये बांधलेली भांडी मेमध्ये कुणी उतरवली का, हेही एखाद्या बातमीदाराला विचारायला सांगा. बांधतानाचं छायाचित्र येतं. उतरवतानाचं मी अजून पाहिलेलं नाही.

घासायचं म्हणजे काय, तेही लिहितो, नाहीतर 'टीका सोपी असते' असं आपण म्हणाल. सकाळी उरलेलं पाणी तापलेल्या कोरड्या मातीवर किंवा फरशीवर ओतावं. गटारीत नको, तिथं अळ्या जगतात. मग काथ्या किंवा ताठ ब्रश घेऊन आतली भिंत काठापर्यंत घासावी. तळ सगळे घासतात, काठ राहतो आणि खरं काम काठाचंच असतं. धुतलेलं पाणीही कोरड्या जागीच ओतावं. दुपारी भांडं रिकामं होत आलं तर भर न घालता उरलेलं ओतून, कडा फडक्यानं पुसून नवीन भरावं. एवढंच. साबण रोज लागत नाही.

मातीचा परळ उत्तम, पाणी गार ठेवतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा गंगावेशीत मिळतो, फार पैसे पडत नाहीत. पण माती सच्छिद्र असते, औषध, साबण सगळं पिऊन घेते. म्हणून परळ दोन घ्यावेत. एक वापरात, दुसरा उकळतं पाणी ओतून, घासून दिवसभर उन्हात पालथा. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. स्टीलचं किंवा चिनी मातीचं भांडं असेल तर आठवड्यातून एकदा साधं, वास नसलेलं द्रव ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग करून दहा मिनिटं भरून ठेवावं, मग क्लोरिनचा वास जाईपर्यंत धुऊन उन्हात वाळवावं. मात्र आधी घासून घ्यावं, शेवाळ तसंच असेल तर ब्लीच त्यातच संपतं. आणि ब्लीचमध्ये फिनेल, ॲसिड, व्हिनेगर काही मिसळू नये, घातक वायू निघतो. प्लास्टिकला चरे पडतात आणि चऱ्यात थर बसतो, म्हणून मला प्लास्टिक आवडत नाही. पण असेल तर चरे पडले की फेकून द्या, झाडाला ठेवू नका.

उन्हात वाळवण्याचं कारण फक्त डास नाही. नोकरीत असताना कबुतरं पाळणारी पोरं यायची. "डॉक्टर, याचं तोंड आलंय." चोच उघडली की घशात पिवळट, दह्यासारखा थर. कबुतराला गिळता येत नाही, लाळ गळते, पिसं फुलवून एका कोपऱ्यात बसतं. हा रोग एका सूक्ष्म जीवानं होतो आणि आजारी पक्ष्याच्या तोंडातून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. एक आलं की ढाबळीतली बाकीची मागोमाग. औषध असतं, पण पाण्याचं भांडं तेच राहिलं तर औषधाचा काय उपयोग? तो जीव वाळला की मरतो. म्हणून पालथं घालून ऊन. पारव्यांची गर्दी जिथं होते तिथं तर हे रोजच हवं. फुललेला, लाळ गाळणारा पारवा भांड्याजवळ दिसला तर ते भांडं काही दिवस उचलून ठेवावं. पाखरं दुसरीकडे पितात, मरत नाहीत.

भांडं दोन बोटं खोल पुरे, मध्ये एक खडबडीत दगड. सावलीत ठेवावं, पण फांदीच्या बरोब्बर खाली नको, वरून काय पडतं ते आपल्याला माहीत आहे. कावळ्यांची वेगळीच तऱ्हा. भाकरीचा तुकडा आणून पाण्यात भिजवतात, आणि आपल्या गावात रविवारी तर मटणाचं हाडसुद्धा बुडवून जातात. रविवारी दुपारी पाण्याला रश्श्याचा वास आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये, लगेच ओतावं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीचं भांडं वेगळं आणि जड असावं, म्हणजे सांडत नाही. रात्री ते जमिनीवर भरून ठेवू नये. उंदीर येतात, त्यांच्या मुतातून लेप्टो पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि भांडं धुणाऱ्या माणसालाही. हाताला कापलेलं असेल तर मोजा घालावा. आपल्या घरातल्या कुत्र्याला बाहेरच्या सामाईक भांड्यात तोंड घालू देऊ नये, विशेषतः लस न झालेल्या पिल्लाला.

ता. क. : मागच्या वर्षीही मी याच विषयावर पत्र पाठवलं होतं. आपण ते छापलंत, आभार. पण त्यातला काठ घासण्याचा परिच्छेदच जागेअभावी कापलात, आणि उरलं काय, तर 'मुक्या जिवांना पाणी द्या'. ते सांगायला माझी गरज नव्हती. शिवाय खाली माझं आडनावही चुकवलंत. म्हणून या खेपेला नावच घालत नाही. जागा कमी पडली तर कालचं ते छायाचित्र कापा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर