पुस्तकं पोळ्याच्या तोंडावर आली, तोवर मॅडमनं काय केलं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

शाळेत पुस्तकं उशिरा पोचली अशी बातमी मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात होती, ती वाचली आणि लिहायला बसलो. बातमीत किती शाळा, किती पुस्तकं ते सगळं होतं, पण पुस्तक नसताना वर्गात नेमकं काय होते ते कुठं येत नाही, म्हणून आमच्या गावचं सांगतो. माझी पोरगी तिसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, त्यामुळे यंदा शाळेत माझं जाणं-येणं बरंच झालं.

आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. तिसरी-चौथी एकाच खोलीत, मिळून 23 पोट्टे, आणि दोन्ही वर्ग एकाच मॅडमकडे. उन्हामुळे आपल्या विदर्भात शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे बाकी महाराष्ट्राच्या मागून, आणि यंदा पुस्तकं आली पोळ्याच्या आधल्या आठवड्यात. मागच्या वर्षीच्या पोरांनी परत केलेली जुनी पुस्तकं होती, पण त्यातली धड अशी चौथीची सात आणि तिसरीची चार निघाली, आणि फाटलेली पानं नेमकी पहिल्या धड्यांची, कारण वर्षभर सगळ्यात जास्त हात त्याच पानांना लागतो.

पहिले दोन आठवडे मॅडमनं "उद्या येतील" या भरवशावर काढले. तालुक्याला फोन केला की हेच उत्तर, उद्या नाही तर परवा. मग त्या पहिला धडा फळ्यावर लिहून द्यायच्या आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची. एका धड्याला पूर्ण तास जायचा. मी एक दिवस खिडकीत उभा होतो, चौथीतल्या एका पोरानं फळ्यावरचा अख्खा धडा चालीत घडाघडा वाचला, मला तर लय भारी वाटलं. पण मॅडमनं मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं, आजूबाजूचं हातानं झाकलं आणि विचारलं, हा शब्द कोणता? पोरगा गप. मग हळूच ओठातल्या ओठात पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आला आणि मग सांगितला. म्हणजे तो वाचत नव्हताच, त्याला पाठ झालं होतं. मॅडम मला म्हणाल्या, "भाऊ, पंधरा दिवस मी यांच्याकडून नुसती नक्कल करून घेतली."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या वही घेऊन बसल्या. कोणत्या वर्गाच्या पोराला काय काय यायला पाहिजे त्याची यादी त्यांच्याकडे असते, अध्ययन निष्पत्ती म्हणतात तिला. त्यातल्या एकेका ओळीसमोर त्यांनी एवढंच लिहिलं, पुस्तक लागेल की नाही. चौथीचा शिवछत्रपतींचा इतिहास, कविता, मोठ्या गोष्टी, हे सगळं पुस्तक आल्यावर. मोजमाप, आकृत्या, परिसर अभ्यासातला पाऊस-पाणी-पिकं, हे आत्ताच. पुस्तकाची पीडीएफ मोबाईलवर मिळते हे मलाही माहीत आहे, पण गावात रेंज कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि 23 पोट्टे एका मोबाईलच्या स्क्रीनवर वाचू शकत नाहीत. मॅडमनं तालुक्यातून दोन कवितांची झेरॉक्स स्वतःच्या पैशानं आणली, रोज ते करणं काही परवडणारं नाही.

राहिलं वाचन. तिथं त्यांनी जे केलं त्यासाठीच हे पत्र आहे.

सोमवारी सकाळी त्यांनी तिसरीच्या पोरांना विचारलं, काल काय झालं सांगा. पोरं बोलली तसंच्या तसं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहिलं, एक अक्षर न बदलता. "काल पानी आला. आमच्या वावरात पऱ्हाटी निंगाली. बापू डवरनीले गेला. आमची कायी गाय वली झाली." आपलंच बोललेलं असल्यामुळे पोरांना अर्थ शोधावा लागत नव्हता, नजर फक्त अक्षरावर. मग उजव्या बाजूला तेच पुस्तकी भाषेत, "काल पाऊस आला. आमच्या शेतात पऱ्हाटी उगवली. बापू डवरणीला गेला. आमची काळी गाय ओली झाली." आणि पोरांना म्हणाल्या, दोन्हीकडे काय काय वेगळं आहे ते शोधा. पोरांनी शोधलं की, न चा ण झाला, ले चा ला झाला, आणि कायी ची काळी झाली.

नंतर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तीच वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या पट्ट्या कापल्या. आधी वाक्याच्या पट्ट्या, दुसऱ्या दिवशी त्याच कापून शब्दांच्या. सगळ्या मिसळून द्यायच्या आणि पोरांनी पुन्हा लावायच्या. आता पाठांतर चालत नाही, कारण शब्द रोज वेगळ्या जागी येतो. त्या पोराला झाकून विचारल्यावर जे जमलं नव्हतं ते इथं पट्टी हातात घेऊन त्याला करावंच लागलं. (पहिला गठ्ठा खोली गळून भिजला, सगळी शाई पसरली, तेव्हापासून पट्ट्या किराण्याच्या प्लास्टिक पिशवीत राहतात.)

खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही ळ मध्ये होती. आपल्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, शाया, डोया, काया, फया. माझी पोरगी "काळी" या पट्टीवर बोट ठेवून "कायी" वाचायची आणि मी घरी तिला ओरडायचो, नीट वाच म्हणून. मॅडमनं मला थांबवलं. म्हणाल्या, तिनं ळ ओळखला आहे, शब्द ओळखला आहे, अर्थ कळला आहे, फक्त तोंडातून घरचा उच्चार निघतो. वाचताना मधे तोडलं तर पोरगी वाचायचंच सोडते. लिहायला लागली की मग पाहू. मला ते पटायला वेळ लागला, पण पटलं.

लिहायची वेळ आली आणि पोरीनं लिहिलं, "आमची काळी गाळ ओली झाली." माझी पोरगी एकटी नाही, तिसरीतल्या बाराजणांपैकी सातजणांनी गाळ लिहिलं. पोरांनी स्वतःच नियम काढला होता, आपण जिथं य म्हणतो तिथं पुस्तकात ळ असतो, आणि तो नियम गाईलाही लावला. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी पोरांना नदीकाठचा गाळ आठवायला सांगितला, आणि गाळ दूध देते का विचारलं. मग खोलीत दोन सुतळ्या बांधल्या. एकीवर ळ चे शब्द, शाळा, काळी, डोळा, फळा, माळ, गाळ. दुसरीवर जिथं य तसाच राहतो ते, गाय, पाय, माय, साय. पोरांना रोज नवीन शब्द सापडला की योग्य सुतळीला चिमट्यानं लावायचा आणि चुकला तर दुसऱ्या पोरानं काढून तिकडं लावायचा. तीन आठवड्यांनी गाळ लिहिणारे दोनच उरले होते.

गणिताचंही थोडं सांगतो. चौथीला त्यांनी मोजमापाचा भाग आधी घेतला, आणि पाऊस मोजायला लावला. एका गटानं सरळ उभा पत्र्याचा डबा अंगणात ठेवला, दुसऱ्यानं बादली. सकाळी पट्टी बुडवून पाहिलं तर डब्यात 22 मिलिमीटर आणि बादलीत 31. एकच पाऊस आणि दोन आकडे, पोरं भांडायला लागली. बादली तोंडाला रुंद आणि बुडाला अरुंद असते, पाणी रुंद तोंडातून येते आणि अरुंद बुडाशी साचते म्हणून उंची जास्त दिसते, हे पोरांनी स्वतः शोधून काढलं, मॅडमनं फक्त दोन्ही भांड्यांचं तोंड आणि बूड मोजायला लावलं. तेव्हापासून डबाच. 65 मिलिमीटरला अतिवृष्टी धरतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते, म्हणून रोजचा आकडा ऐकायला आता आम्ही पालकच शाळेपाशी थांबतो. अर्थात नुकसानीसाठी धरतात तो महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा, आमच्या डब्याचा नाही.

आता कुणी म्हणेल मग पुस्तकाशिवाय चाललंच की. नाही चाललं साहेब, आणि हे मॅडमच सांगतात. पोरांची वाक्यं चार-पाच शब्दांची, विषय तेच, पाऊस, ढोरं, वावर, बापू. एका महिन्यानंतर नवीन शब्द येणं थांबलं. कोणत्या शब्दात ळ आणि कोणत्यात य याला काही नियम नाही, तो शब्द छापलेला दहादा डोळ्याखालून गेला तरच पक्का होतो, आणि तेवढे शब्द दोन सुतळ्यांवर मावत नाहीत. ते काम पुस्तकातल्या लांब गोष्टीच करू शकतात.

पुस्तकं आली तेव्हा मॅडमनं पहिल्या पानापासून सुरुवात केली नाही. वहीतली यादी काढली, जे होऊन गेलं त्यावर खूण केली आणि लांब गोष्टीचा धडा आधी उघडला. माझी पोरगी त्या दिवशी घरी येऊन तीन पानं वाचत बसली, दोन ठिकाणी थांबली, ळ वर बोट ठेवलं, ओठ हलवले, आणि पुढं गेली. एका ठिकाणी मला विचारलं, "बाबा, पाऊल म्हंजे काय?" असा शब्द आमच्या फळ्यावर कधी आला नसता, कारण घरी आम्ही सगळे पायच म्हणतो.

माझी मागणी मोठी नाही. पुस्तकं शाळा उघडायच्या आधी यावीत हे तर आहेच, पण नाहीच आली तर नक्की कोणत्या तारखेला येणार ते शाळेला खरं खरं सांगा. पोळ्याला येतील असं जूनमध्येच सांगितलं असतं तर मॅडमनं पहिल्या दिवसापासून पट्ट्या कापल्या असत्या, "उद्या" च्या भरवशावर पंधरा दिवस नक्कल झाली नसती. आणि केंद्रावरून गावापर्यंत गठ्ठे आणायची सोय करा, आमचे गठ्ठे मॅडमच्याच गाडीवर दोन खेपात आले, तेही पावसात. तिसरीची मराठीची तीन पुस्तकं अजून कमी आहेत, तिथं दोघात एक चालू आहे.

आपला वाचक,
एक पालक, जि. यवतमाळ