कोटेशनमधील दर, कर, मुदत आणि देयकाच्या अटी संदिग्ध असल्याबाबत तक्रार

सांवेर रोड, इंदूर
दिनांक 18 ऑगस्ट 2025

प्रति,
माननीय विक्री व्यवस्थापक,

विषय : माल पाकीटबंद करण्याच्या यंत्राच्या कोटेशनमधील संदिग्धता आणि प्रोफॉर्मा बिलातील वाढीव रक्कम

महोदय,

आमच्या कुटुंबाचा इंदुरात शेव-नमकीन बनवण्याचा छोटा कारखाना आहे. आपल्या कोटेशनच्या भरवशावर आम्ही 12 ऑगस्ट रोजी ऑर्डर दिली आणि आगाऊ 3,20,575 रुपये भरले. 14 तारखेला आलेल्या प्रोफॉर्मा बिलात मात्र कोटेशनपेक्षा कितीतरी अधिक रक्कम मागितली आहे, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

आपल्या 16 जुलैच्या ईमेलमध्ये "मशीन 6,40,000 करांसह, तारीख छापण्याचे युनिट 1,150" असे लिहिले होते. त्याच ईमेलला जोडलेल्या पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत "टॅक्सेस एक्स्ट्रा ॲज ॲप्लिकेबल" असेही छापलेले आहे. आम्ही ईमेलमधील शब्द खरा धरला. आपल्या कार्यालयाने तळटीप खरी धरली आणि केवळ यंत्रावर 18 टक्के आयजीएसटीचे 1,15,200 रुपये वर चढवले. किंमत करांसह असेल, तर त्याच 6,40,000 मध्ये मूळ किंमत 5,42,373 आणि कर 97,627 रुपये, असा हिशेब होतो. आमचा घटक कंपोझिशन योजनेत असल्यामुळे आम्हाला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. ज्या ग्राहकाला ते मिळते तो वर आकारलेला कर पुढे वळता करून घेतो, आम्हाला मात्र ते 1,15,200 रुपये पदरचेच घालावे लागतात. म्हणून "करांसह" हा एक शब्द वाचूनच आम्ही दुसऱ्या विक्रेत्याला नकार कळवला होता.

छपाई युनिटच्या आकड्यापुढे कोणत्याही चलनाचे नाव नव्हते. वरच्या ओळीतली रक्कम रुपयांतली आणि हाताने तारीख उमटवण्याची साधी साधने स्वस्तात मिळतात, त्यामुळे 1,150 हे रुपयेच आहेत असे समजून आम्ही एकूण 6,41,150 धरले आणि त्याचे निम्मे पाठवले. आता कळते की ते अमेरिकी डॉलर होते. बरे, डॉलर म्हटले तरी दर कोणत्या दिवसाचा, आणि बँकेचा खरेदीचा की विक्रीचा, हे बिलातही लिहिलेले नाही. डॉलरमागे एका रुपयाचा फरक पडला तरी करापूर्वीच 1,150 रुपये वाढतात, हे आपणही जाणता.

मुदतीबाबत "कोटेशन 30 दिवस वैध" एवढेच वाक्य आहे. पहिला ईमेल 7 जुलैचा आणि सुधारित ईमेल 16 जुलैचा असल्याने ही मुदत एका हिशेबाने 6 ऑगस्टला, तर दुसऱ्याने 15 ऑगस्टला संपते. सुधारित ईमेलने पहिल्याची जागा घेतली, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि म्हणून आमची ऑर्डर मुदतीत आहे. असे असताना "मुदत उलटली आहे, उरलेले पैसे लगेच न आल्यास नवा दर लागेल" असे आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सांगणे आम्हाला मान्य नाही. "उरलेली रक्कम 30 दिवसांत" ही अटही अशीच अर्धवट आहे. आपण ते दिवस प्रोफॉर्मापासून मोजता, म्हणजे यंत्र आमच्या दारात पोहोचण्याआधीच पूर्ण पैसे द्यायचे. आम्ही ते यंत्र बसवून चालू झाल्यापासून धरले होते.

आमची मागणी अशी की यंत्र 6,40,000 रुपये करांसहच द्यावे आणि छपाई युनिट ऑर्डरमधून वगळावे; हे शक्य नसल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत करावी. पहिला पर्याय मान्य असल्यास सुधारित कोटेशन ईमेलच्या मुख्य मजकुरातच पुढीलप्रमाणे लिहून पाठवावे आणि त्याच्याशी विसंगत तळटीप जोडलेल्या पत्रकातून काढून टाकावी :

"एकूण देय रक्कम 6,40,000 भारतीय रुपये. यात 18 टक्के आयजीएसटीचे 97,627 रुपये आणि इंदूरपर्यंतची वाहतूक धरलेली आहे. हा दर 15 सप्टेंबर 2025 च्या सायंकाळी 6 वाजेपर्यंत वैध असून 7 आणि 16 जुलैची कोटेशने रद्द समजावीत. आगाऊ 3,20,575 रुपये मिळाले आहेत. उरलेले 3,19,425 रुपये यंत्र बसवून चाचणी झाल्याच्या तारखेपासून 30 दिवसांत द्यावेत."

वाहतुकीचा उल्लेख जाणूनबुजून केला आहे, कारण पहिल्या ईमेलमध्ये ती मोफत होती आणि दुसऱ्यात तिच्याबद्दल एक अक्षरही नाही. दिवाळीच्या मालासाठी हे यंत्र सप्टेंबरअखेर चालू होणे आम्हाला आवश्यक आहे, तेव्हा 25 ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर द्यावे. तोपर्यंत प्रोफॉर्मा बिलानुसार कोणतीही रक्कम भरली जाणार नाही.

आपली,
संचालिका, नमकीन उत्पादक घटक, इंदूर

सोबत : दोन्ही ईमेलच्या आणि प्रोफॉर्मा बिलाच्या प्रती