साठीनंतर सगळीच बुद्धी उतरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला मेंदू आणि वयावरचा लेख वाचला. विशीत शिखर गाठून सत्तरीपर्यंत सरळ खाली येणारी ती एकच रेघ पाहून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी प्रवाही आणि स्फटिकी बुद्धिमत्तेचा भेद १९४० च्या दशकातच मांडला होता. कधी न पाहिलेलं कोडं झटपट सोडवणं ही प्रवाही बुद्धी. शब्दसंग्रह, व्यवहारज्ञान, धंद्यातली जाण ही स्फटिकी. पहिली तरुणपणीच हळूहळू उतरू लागते, दुसरी साठीपर्यंत वाढत राहते किंवा निदान टिकते. तुमच्या लेखकाने पहिलीचा आलेख काढून त्याला ‘बुद्धिमत्ता’ असं नाव दिलं आहे.

मला हे इतकं लागायचं कारण आहे. मी आयुष्यभर वकिलांकडे दस्त टंकले आणि तपासले. मध्यंतरी एका खासगी कंपनीला खरेदीखतं तपासायला माणसं हवी होती, म्हणून गेले. तिथे संगणकावर चाचणी. वर एक ते नऊ अंक, प्रत्येकाखाली एक खूण. खाली अंकांची लांबलचक रांग, आणि दीड मिनिटात जमतील तेवढ्या खुणा जुळवायच्या. वयाबरोबर सर्वात आधी आणि सर्वात जास्त घसरतो तो नेमका हाच वेग. शेजारची विशीतली मुलं माझ्या कितीतरी पुढे गेली, ते मला मान्यच आहे. पण तेवढ्यावरून ‘मॅडम, तुमचा स्पीड बसत नाही’ म्हणून मला परत पाठवलं.

त्याच टेबलावर नमुन्याचं खरेदीखत होतं. मिळकतीच्या वर्णनात क्षेत्र लिहिलं होतं ‘०.४० आर’. सातबाऱ्यावर ० हेक्टर ४० आर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे चार हजार चौरस मीटरची जमीन दस्तात चाळीस चौरस मीटर झाली होती. एका नजरेत दिसलं, कारण शेतजमिनीचं क्षेत्र एवढंसं नसतं हे ठाऊक असलं की आकडा आपोआप खटकतो. मी ते दाखवलं. त्यांनी कागद उचलून बाजूला ठेवला.

टिमोथी सॉल्टहाउस यांचा १९८४ चा टायपिस्टांवरचा अभ्यास लेखकाने जरूर पाहावा. त्यात १९ ते ७२ वर्षांचे टायपिस्ट होते. पडद्यावर अक्षर दिसताच ठरलेली कळ दाबण्यात वयस्क मागे पडले, पण टायपिंगचा वेग वयाप्रमाणे घटला नाही. मग एका वेळी पुढची किती अक्षरं दिसावीत, ते कमी कमी करत नेलं. तेव्हा उलगडलं, की वयस्क मंडळी बोट एका अक्षरावर असताना नजर तरुणांपेक्षा जास्त पुढे ठेवतात आणि पुढच्या अक्षरांची तयारी आधीच करतात. बोटांचा कमी झालेला वेग सराव असा भरून काढतो. पुढचं दिसणं बंद झालं की हा फायदाही संपतो. माझ्या चाचणीत हेच घडलं: खुणांना पुढेमागे काही संदर्भच नव्हता. दस्ताला असतो. हा फायदा आपापल्या कामापुरताच असतो, हेही खरं. उद्या मला अनोळखी यंत्रावर बसवलं तर मी मुलांपेक्षा हळूच शिकेन.

आणखी एक. असे आलेख बहुधा आजच्या पंचविशीतल्यांना आजच्या सत्तरीतल्यांशेजारी उभं करून काढतात. त्यात वयाबरोबर शाळेचाही फरक मिसळतो. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींची शाळा चौथीतच सुटली. वॉर्नर शाय यांनी सिएटलमध्ये १९५६ पासून दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं, तेव्हा बऱ्याच क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकलेल्या दिसल्या. अशा पाहणीतून आजारी माणसं गळतात आणि पुन्हा पुन्हा दिलेल्या चाचणीचा सरावही होतो, त्यामुळे चित्र थोडं उजळ दिसतं. तरीही ते तुमच्या सरळ घसरणाऱ्या रेघेसारखं नक्कीच नाही. ऐंशीच्या पुढे शब्दज्ञानही उतरतं, हे मी नाकारत नाही.

तेव्हा पुढच्या पुरवणीत दोन्ही आलेख शेजारी शेजारी छापावेत, ही विनंती. नोकरीवर माणसं घेणारेही तुमचाच अंक वाचतात.

आणि शब्दकोड्याचे चौकोन इतके बारीक का केलेत? कोड्यात वयस्कच पुढे असतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण ते अंक दिसले तर ना! ते आधीच्या आकाराचे करावेत.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा