टीसीएल टाकले, पण नळाला क्लोरिन पोहोचला का? पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : पावसाळ्यातील पाणी शुद्धीकरणाच्या सूचनांत दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतींना टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकण्याची आणि लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना जाते. शाळांमध्ये यूव्ही दिव्याची यंत्रेही बसतात. यातले काहीही एक केले की काम झाले, असा समज त्यातून होतो. तिन्हींचे काम वेगळे आहे, म्हणून हे पत्र.

टीसीएलपासून सुरुवात करू, कारण गावाचे पाणी त्याच्यावरच अवलंबून असते. 50,000 लिटरची टाकी धरा. हजार लिटरला 5 ग्रॅम या हिशेबाने 250 ग्रॅम पावडर टाकली जाते. पावडर ताजी, म्हणजे 33 टक्के क्लोरिनची असेल, तर लिटरमागे साधारण 1.65 मिलिग्रॅम क्लोरिन मिळतो. पण पोते उघडे राहिले, खोलीला ओल आली आणि पावडर 15 टक्क्यांवर उतरली, तर तेवढ्याच वजनात 0.75 मिलिग्रॅमच मिळतो. त्यातला बराचसा क्लोरिन गाळ आणि सेंद्रिय घाण खाऊन टाकते. रजिस्टरमध्ये '250 ग्रॅम टाकले' अशी नोंद असते, ती खोटीही नसते, आणि शेवटच्या नळाला मात्र क्लोरिन शून्य.

पावडर थेट टाकीत ओतणे हीसुद्धा चूकच. बादलीत कालवून पावडरीतला चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत सोडावी आणि किमान अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवावा, कारण मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूपर्यंत क्लोरिन पोहोचत नाही. मग शेवटच्या नळाला तपासणी. भारतीय मानकाप्रमाणे तिथे मुक्त क्लोरिन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. क्लोरिन तपासायचे ओटी द्रावण नळाच्या पाण्यात टाकल्यावर पिवळा रंग लगेच पाहावा. पाच मिनिटांनी पाहिला तर अमोनियाशी जोडला गेलेला, कमी ताकदीचा क्लोरिनही रंग देतो आणि आकडा फुगतो.

हे सगळे नीट केले तर कॉलरा, विषमज्वराचे जंतू आणि बहुतेक विषाणू मरतात. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र एवढ्याने मरत नाही. कवचातला हा परजीवी मरायला लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरिनमध्ये दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. अमेरिकेत मिलवॉकी शहरात 1993 मध्ये चार लाखांवर लोक यानेच आजारी पडले, आणि तिथले पाणी क्लोरिन दिलेलेच होते. गाळणीच कमी पडली होती. इथे उपयोग चांगल्या गाळणीचा, उकळण्याचा किंवा यूव्हीचा.

यूव्ही दिव्याचा 254 नॅनोमीटरचा प्रकाश जंतूच्या डीएनएत बिघाड करतो. जंतू लगेच मरतोच असे नाही, पण त्याची वाढ थांबते. क्रिप्टोस्पोरिडियमला तो थोड्या मात्रेत भारी पडतो. ॲडेनोव्हायरस मात्र दाद देत नाही, त्याला कितीतरी पट मात्रा लागते. पाणी गढूळ असले किंवा दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा पांढरा थर चढला, की प्रकाश आत जातच नाही. आणि निळा उजेड दिसतो म्हणजे दिवा काम करतोय असे नाही. साधारण 9,000 तासांनंतर उजेड तसाच राहतो, पण जंतुनाशक किरणे कमी झालेली असतात. वीज गेल्यावर पाणी तसेच वाहत असेल तर ते कच्चेच.

उकळण्याने जंतू, विषाणू आणि परजीवी तिन्ही मरतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. आपल्या घाटमाथ्यावरही तेवढेच. पण फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक उकळून जात नाहीत, उलट वाढतात. नायट्रेट लिटरमागे 50 मिलिग्रॅम असलेले 10 लिटर पाणी आटून 9 लिटर झाले, तर ते 55 च्या वर जाते. मानक मर्यादा 45 आहे. फ्लोराइडचे पाणी असलेल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या गावांना 'उकळून प्या' एवढेच सांगणे म्हणजे निम्मेच सांगणे. तिथे क्लोरिन आणि यूव्हीही हे काढू शकत नाहीत, स्रोत बदलणे किंवा वेगळे शुद्धीकरणच हवे.

उकळलेल्या आणि यूव्हीतून आलेल्या पाण्यात पुढचे संरक्षण काही उरत नाही. माठात हात बुडाला की पाणी पुन्हा दूषित. जिथे दिवसाआड पाणी येते तिथे नळ बंद असताना फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते, आणि तिथे उरलेला क्लोरिनच थोडाफार आडवा येतो.

म्हणून विनंती. पोते उघडल्याची तारीख आणि पावडरीची ताकद रजिस्टरमध्ये लिहिणे बंधनकारक करावे आणि वजन त्यावरून ठरवावे. 20 टक्क्यांखालची पावडर बदलून द्यावी. नोंद टाकीवरची नको, शेवटच्या नळाची हवी. शाळेच्या यूव्ही यंत्रावर दिवा बदलण्याची तारीख लावावी. आणि सूचनापत्रात प्रत्येक उपायापुढे 'हे याने जात नाही' असा एक रकाना असावा.

आपले,
पाणी गुणवत्ता तपासणीत काम करणारे