आजोबा, नातू आणि ‘पाइक’ची गोष्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझी कथा दोनदा वाचली. दुसऱ्या महायुद्धातल्या होमगार्डच्या एका तुकडीवरच्या ‘डॅड्स आर्मी’ या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेतले एक वाक्य नेमके कोणी म्हटले, यावरून आजोबा आणि नातू यांचे संध्याकाळभर भांडण चालते, ही कल्पना मला मनापासून आवडली. पण दुसऱ्याच पानावर नातू फोनवर तो प्रसंग शोधून काढतो आणि वाद मिटवतो, तिथे तू स्वतःच्या कथेवर अन्याय केला आहेस. वाक्य कोणाचे, हे त्या दोघांनी आधी विचार करून शोधले पाहिजे, कारण त्या वाक्यातली सगळी गंमत ते कोणाच्या तोंडी आहे यावरच उभी आहे.

तो प्रसंग पुन्हा आठवून पाहा. १९७३ सालचा हा भाग. पकडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान आपल्याला चिडवणाऱ्यांची नावे टिपून ठेवतो आहे, युद्ध जिंकल्यावर त्यांचा हिशेब चुकता करण्यासाठी. पोरगेला पाइक हिटलरची टवाळी करणारे गाणे म्हणतो. कप्तान चिडून विचारतो, “तुझेही नाव यादीत जाणार. काय नाव?” आणि पाइकने तोंड उघडण्याआधीच तुकडीचा प्रमुख मेनवेअरिंग हुकूम सोडतो, “याला सांगू नकोस, पाइक!”

तुझ्या कथेतले आजोबा हे वाक्य कॉर्पोरल जोन्सचे मानतात आणि नातू मेनवेअरिंगचे. नातू बरोबर आहे, पण आजोबांची चूकही फार समजण्याजोगी आहे. “घाबरू नका, घाबरू नका!” असे ओरडत स्वतःच सर्वांत जास्त घाबरणारा तो म्हातारा खाटीक जोन्स. आपल्या आठवणीत भोळेपणाची सगळी वाक्ये हळूहळू त्याच्याच नावावर जमा होतात. नातवाने इथे फोन काढू नये, प्रश्न विचारावा : “आजोबा, जोन्सच्या तोंडून नाव निसटले असते, तर कोणाला आश्चर्य वाटले असते?” जोन्स गोंधळ घालणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. मेनवेअरिंग मात्र बँकेचा व्यवस्थापक, शिस्तीचा अभिमानी, आणि पाइक त्याच्याच बँकेतला कारकून, ज्याला तो उठता-बसता “मूर्ख पोरा” म्हणतो. त्या पोराला वाचवण्यासाठी त्याने पूर्ण अधिकारवाणीने दिलेला हुकूमच पोराचा घात करतो. हे त्याच्याखेरीज कोणालाही शोभले नसते.

एक दुरुस्ती मात्र अगत्याने कर. तू लिहिले आहेस, “पाइक, याला सांगू नकोस!” मराठीत हाक आधी मारण्याची आपली सवय आहे खरी, पण इथे तिने घोटाळा केला आहे. नाव पहिल्याच शब्दात फुटले, तर पुढचा मनाईचा हुकूम ऐकण्यासारखा राहत नाही. नाव शेवटी आले, की “सांगू नकोस” हे शब्द कानावर पडेपर्यंत सगळे ठीक चाललेले असते आणि शेवटच्या शब्दाला एकदम सारे बिघडते. आजोबांच्या तोंडी तर ते वाक्य तीन-चार वेळा येते, म्हणून ते दर वेळी असेच ठेव.

आजोबांना निव्वळ विसराळू ठरवू नकोस, अशीही विनंती आहे. नातू पडद्यावरची अक्षरे वाचून ‘मेनवेअरिंग’ म्हणतो, त्यावर आजोबांनी शांतपणे सांगावे, “मॅनरिंग. लिहितात तसे, म्हणतात असे.” उच्चार खरोखर तसाच आहे, आणि आजोबांनी ही मालिका कान देऊन ऐकली होती, हे नातवाला त्या एका शब्दात कळेल. मग ते इतक्या ठामपणे जोन्स का म्हणतात, हा प्रश्न त्याला पडेल, आणि तुझी खरी कथा तिथून सुरू होईल.

त्याचे उत्तर तुझ्याच पहिल्या पानावर आहे, तू फक्त ते वापरलेले नाहीस. आजोबांचा धाकटा भाऊ नकला करायचा, असे तू ओझरते लिहून गेला आहेस. त्या काळी कार्यक्रम एकदा दाखवला की मनाला येईल तेव्हा तो पुन्हा पाहण्याची सोय घरी नव्हती. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो करून दाखवायचे, तेच दुसऱ्यांदा पाहणे. भावाला जोन्सचा आवाज उत्तम जमत असेल, तर सगळी वाक्ये त्याने त्याच आवाजात म्हटली असतील. पन्नास वर्षे आजोबांच्या कानात आहे तो भावाचा जोन्स.

फोन शेवटच्या पानावर येऊ दे. दोघांनी तो प्रसंग पाहावा, मॅनरिंगने वाक्य म्हणावे, आजोबांनी “अस्सं” एवढेच म्हणावे. थोड्या वेळाने त्यांनी तेच वाक्य जोन्सच्या थरथरत्या आवाजात म्हणून दाखवावे, आणि नातवाने “पुन्हा एकदा” म्हणावे.

नवा खर्डा झाला की लगेच पाठव, आणि पाठवण्यापूर्वी ‘पाइक’ हा शब्द सगळीकडे शेवटी आला आहे ना, ते एकदा तपासून घे.

तुझा स्नेही