वाचन कोपऱ्यासाठी ताईंना एक उघडं पत्र

ताई, नमस्कार!

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या बाकीच्या शिक्षकांनाही उपयोग होईल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ताई तालुक्याच्या वाचनालयातून रिटायर झाल्यात आणि चौथीच्या वर्गात वाचन कोपरा लावायला आठवडेच्या आठवडे स्वतःहून येत होत्या.

पुस्तकं आमच्याकडे होतीच, पण कपाटात. तुम्ही आधी अर्धी बाजूला काढलीत, फाटकी, बारीक टाईपाची, नुसता उपदेश करणारी, आणि मला जरा जिवावर आलं हो, पण तुमचं म्हणणं एकच की मुलाच्या हाताला पहिल्यांदा लागणारं पुस्तक कंटाळवाणं निघालं तर तो दुसरं उचलतच नाही. मग बाकीच्यातली वीसेक सुतळीवर चिमट्यांनी लटकवलीत, कव्हर समोर दिसेल अशी, कारण नुसता कणा बघून पुस्तक निवडायला आधी वाचता यावं लागतं ना! दर पंधरा दिवसांनी ती बदलायची. 'किशोर'चे जुने अंक त्यातच मिसळले, कोड्यांची पानं आधी संपतात.

सोप्या-अवघडाचे रंगीत ठिपके मी कव्हरवर लावणार होते तर तुम्ही म्हणालात मागच्या कव्हराच्या आतल्या बाजूला लाव, नाहीतर पोरं एकमेकांना 'तू अजून पिवळ्यातच' म्हणून चिडवतील. एवढी साधी गोष्ट, पण ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितली नव्हती.

आता त्या मागच्या बाकावरच्या पोराबद्दल (नाव लिहीत नाही). रोज सगळ्यात जाडं पुस्तक न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत. मला वाटायचं वाचतोय. तुम्ही त्याला शेजारी बसवून एक पान वाचायला लावलंत, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पान संपायच्या आत पाचही मिटली तर पुस्तक सध्या अवघड. त्याची मूठ तिसऱ्या ओळीतच वळली, सगळी जोडाक्षरं. पण त्याला सोपं पुस्तक दिलं तर मित्रांसमोर लाज, म्हणून तुम्ही त्याला पहिलीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायचं काम दिलंत! आता एका ओळीच्या पानांची पुस्तकं तो बिनधास्त न्यायला लागला, घरी दोनतीनदा वाचायचा कारण पहिलीची पोरं अडखळलं की हसतात.

मग सापांचं चित्रांचं पुस्तक. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे शब्द त्याच्या तोंडात आधीपासून होते, शेतातच असतो ना दिवसभर, त्यामुळे ठिपक्याप्रमाणे ते पुस्तक त्याच्या वरचं असूनही बरंचसं वाचलं. विषय ओळखीचा असला की अवघड शब्दही अंदाजाने सुटतो, हे मी तिथे बघितलं. लांबलचक गोष्ट तो अजून हातात घेत नाही आणि मी मागेही लागत नाही.

देवघेवीचं रजिस्टर पोरांकडेच द्यायचा हट्टही तुमचाच. दर आठवड्याला दोन ग्रंथपाल, तारीख, नाव, पुस्तकाचा नंबर आणि परत आल्याची खूण, बास. शुक्रवारी न्यायचं, सोमवारी आणायचं. दंड नाही, कारण दंड लावला की आईबापच म्हणतात घरी आणूच नको. फाटलं तर शनिवारी फेविकॉल आणि पातळ कागदाची पट्टी घेऊन ज्याचं त्यानेच चिकटवायचं. सेलोटेप नको, ती पुढे पिवळी पडून सुटते आणि पान अजून खराब करते.

आणि ते जेवणानंतरचं दहा मिनिटं मोठ्याने वाचणं! ऐन रंगात पुस्तक मिटायचं आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचं, काही बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात एका प्रतीवरून मारामारी झाली, तेव्हापासून पुढचा नंबर कुणाचा त्याची चिठ्ठी शेवटच्या पानात असते. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं लिहायला मात्र लावत नाही, ते केलं तेव्हा मुलं मुद्दाम बारकी पुस्तकं न्यायला लागली होती. आता एवढंच विचारते, कुणाला सांगशील हे वाचायला?

एक अजून अडलंय. चारपाच मुली पुस्तक नेतात पण घरी धाकटी भावंडं आणि भांडी, वाचणार कधी, पुस्तक जसंच्या तसं परत येतं. त्यांच्यासाठी परिपाठाच्या आधी वीस मिनिटं वर्ग उघडा ठेवायला लागलेय, दोघी येतात, बाकीच्यांच्या आयांशी बोलायचंय. त्या दिवशी तुम्ही याल का? तुमचं ऐकतील त्या.

खूप खूप थँक्यू ताई.

तुमची,
चौथीच्या बाई