तबल्यापासून निघालेल्या तीन वाटा

निख्या,

तुझा मेसेज वाचला, "सायकल आवडते पण त्यात फील्ड प्रोजेक्ट काय कप्पाळ करणार", आणि हसूच आलं, कारण जुलैमध्ये माझं तबल्याबाबत अगदी हेच रडगाणं चालू होतं. मग मी काय केलं ते सविस्तर लिहितो, मेसेजमध्ये मावणार नाही.

पहिला माइंड मॅप एकदम फसला. मधे गोल काढून 'तबला' लिहिलं आणि फांद्या फुटल्या घराणी, ताल, वादक, वाद्याचे भाग. घराण्यांखाली दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब. दिसायला झक्कास, पण ती पुस्तकाची अनुक्रमणिका झाली रे, त्यात मी कुठेच नव्हतो. नुसती नामं लिहिली की असंच होतं, फांदी वाढते पण प्रश्न काही येत नाही.

दुसऱ्या कागदावर मधे 'तबला' न लिहिता 'मी तबल्यापाशी बसतो तेव्हा' असं लिहिलं आणि फांद्यांवर फक्त क्रियापदं. उतरतो, घासतात, चुकतं. उतरतो म्हणजे पावसाळ्यात सूर उतरतो आणि दर वेळी हातोडी घ्यावी लागते. घासतात म्हणजे शाई, तबल्याच्या चामड्यावरचा तो काळा गोल, इथे मिरजेत कारागीर लोहकीस आणि खळ यांचे थरावर थर दगडाने घोटतात ते. आणि चुकतं म्हणजे क्लासमधली नवी पोरं झपतालात हमखास घसरतात. प्रत्येक फांदी मी तोपर्यंत ओढली जोपर्यंत टोकाला प्रश्नचिन्ह येत नाही आणि उत्तर नक्की कुठून मिळणार ते लिहिता येत नाही. पंधराएक टोकं निघाली, पण बरीचशी एकच होती. 'पावसात सूर किती उतरतो' आणि 'एसीत किती चढतो' या दोन्हींना तोच तबला, तेच मोजमाप, म्हणजे प्रोजेक्ट एकच. असं गाळत गेलो तर तीन उरले, एकाचं उत्तर वाद्यात, एकाचं कारागिराकडे, एकाचं शिकणाऱ्या पोरांत.

तिन्हींची तुलना नुसत्या कागदावर केली असती तर शाईवालाच जिंकला असता, कारण गोष्ट भारी आहे. साध्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण शाईच्या वजनामुळे ते जवळजवळ पूर्ण पटीत येतात आणि म्हणून तबल्याला नीट सूर असतो, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच दाखवलं होतं. पण मी प्रत्येकाला अर्धा तास देऊन बघितला. ओळखीच्या कारागिराने चहा पाजला, गप्पा मारल्या, आणि मिश्रणाचं प्रमाण विचारल्यावर सरळ विषय बदलला. त्याचं पोट आहे त्यावर, बरोबरच आहे त्याचं. म्हणजे तिथे मुलाखत होईल, मोजमाप नाही.

झपतालासाठी दोन पोरांना ठेका म्हणत टाळी द्यायला लावली, आधी सावकाश, मग दुप्पट लयीत. दोघंही सहाव्या मात्रेला, म्हणजे जिथे टाळी नसते त्या 'खाली'लाच, अडखळले! मजा आली, पण क्लासमध्ये नवी पोरं आहेतच सहा, त्यावरून काय सांगणार.

मग सूर. मोबाइलच्या ट्यूनरसमोर वाजवलं तर आकडा नुसता उड्या मारतोय. नंतर लक्षात आलं की मी कधी 'ना' वाजवतोय कधी 'तूं', आणि 'ना'ला अनामिका शाईच्या कडेला टेकते त्यामुळे मधलं मोठं कंपन दबतं, दोन्हींचं रीडिंग एक येणारच नाही. फक्त 'ना' दहा वेळा वाजवला, तर आकडे साधारण 3 हर्ट्झच्या आत राहिले. माझा तबला पेटीच्या काळी एकचा, म्हणजे 277 च्या आसपास, आणि तिच्या लगेच खालची पांढरी एक असते 262 च्या जवळ. म्हणजे अर्धा सूर उतरला तर पंधराएक हर्ट्झचा फरक, तो पकडता येईल, पण दोन हर्ट्झ उतरला म्हणून नाचायचं नाही. अडचण एकच, पाऊस आला की दमटपणा वाढतो आणि गारवाही येतो, दोष कोणाला द्यायचा? म्हणून दोन्ही रोज लिहायचे, आणि महिनाभर त्या तबल्याला हातोडी लावायची नाही, रियाजाला दुसरा.

शेवटी सूरवाला घेतला, कारण पाऊस माझ्यासाठी थांबणार नव्हता, आणि फार काही बदल दिसला नाही तरी महिन्याच्या नोंदी हातात राहतातच. झपताल पुढच्या वर्षी, पोरं कुठे पळून जात नाहीत.

तर तू आता 'सायकल' लिहू नकोस. सायकलवर असताना तुझं काय होतं ते लिही, तो गंगापूर रोडचा चढ, दर महिन्याला सैल पडणारी चेन, पंक्चरवाल्याशी तुझं भांडण, सगळं. कागदाचा फोटो पाठव, कुरूप असला तरी चालेल, माझ्या दुसऱ्यावर चहा सांडलाय.

तुझा,
पप्या